गर्भसंस्कार घरच्या घरी: पोटावर हेडफोन लावायच्या आधी हे वाचा

पहिल्या वेळी मी पण वेडेपणा केलाय. क्लासवाल्या बाईंनी सांगितलं म्हणून रोज पोटावर हेडफोन दाबून तासभर वीणावादन, आणि बाळ लाथ मारलं की आम्ही खूश, की बघा आवडलं त्याला! आता दोन माझी आणि दोन नणंदांची बाळंतपणं बघून झाल्यावर सांगते, कसं करायचं ते.

सातव्या महिन्यापर्यंत काही लावायची घाई नको. बाळाला साधारण २५-२६ आठवड्यांनंतर ऐकू यायला लागतं.

आता हेडफोनचं. बाळाला कान झाकता येत नाहीत की उठून बाहेर जाता येत नाही, आणि स्पीकर कातडीला चिकटवला की आत किती मोठ्ठं पोचतंय ते आपल्याला कळायला काही मार्गच नाही. शिवाय ते बहुतेक वेळ झोपलेलं असतं, आणि ती लाथ दचकून मारलेली पण असू शकते की. खोलीत गाणं लावा, शेजारी बसून बोलता येईल एवढ्याच आवाजात.

पण खरं काम तुमच्या आवाजाचं. तो हाडामांसातून आत जातो, त्यासाठी मशीन लागत नाही. शब्द आत धूसर होतात, चाल आणि ठेका पोचतो, त्यामुळं संस्कृत की इंग्लिश यावर सासूशी भांडू नका. १९८६ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला, आयांनी शेवटचे सहा आठवडे एकच गोष्ट रोज दोनदा मोठ्यानं वाचली. जन्मल्यावर बाळांनी नव्या गोष्टीपेक्षा तीच ऐकायला जास्त पसंती दिली, आणि हे त्यांच्या चोखण्याच्या लयीवरून ओळखलं.

म्हणून ३४व्या आठवड्यापासून एकच गोष्ट किंवा ओवी धरा, सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं, रोज बदलू नका. धाकटीच्या वेळी मी आजीची जात्यावरची ओवी म्हणायचे, भाकऱ्या थापता थापता. जन्मल्यावर ती रडायला लागली की म्हणायचे, आणि बऱ्याचदा क्षणभर थांबून ऐकायची. प्रत्येक वेळी नाही, भूक लागली की ओवीबिवी काही चालत नाही.

यानं बाळ हुशार होतं का? नाही. ओळख होते, एवढंच. मोझार्टचं संगीत ऐकून हुशारी वाढते अशी जी हवा झाली ती १९९३ च्या कॉलेजच्या पोरांवरच्या प्रयोगातनं, परिणाम टिकला दहा-पंधरा मिनिटं, आणि त्यात गर्भ कुठंच नव्हता. अभिमन्यूचा दाखला मला देऊ नका, चक्रव्यूहातनं बाहेर यायचं राहिलंच ना त्याचं.

आणि एक, यावर मी ऐकून घेणार नाही. बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली तर गाणं लावून, गोड खाऊन त्याला जागं करत बसायचं नाही, रात्रीचे दोन वाजले असले तरी रिक्षा काढायची आणि थेट दवाखाना गाठायचा, मग तुम्ही कसबा बावड्यात असा नाहीतर राजारामपुरीत.