भंवरकुआंची जुनी पुस्तकं आणि डिझाइन थिंकिंग

कॉलेजातल्या उद्योजकता स्पर्धेसाठी आमच्या गटाने जी कल्पना घेतली, ती अगदी साधी होती. इंदूरच्या भंवरकुआं भागात एमपीपीएससीची, म्हणजे मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करणारी मुलं दरवर्षी ढीगभर पुस्तकं घेतात, आणि जुनी पुस्तकं खोलीत पडून राहतात. तेव्हा जुन्या पुस्तकांच्या खरेदी-विक्रीसाठी एक अ‍ॅप करायचं, असं ठरत होतं. मग डिझाइन थिंकिंगचे, म्हणजे लोकांच्या गरजेपासून सुरुवात करून उपाय शोधण्याच्या पद्धतीचे, स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डी.स्कूलमुळे जगभर पसरलेले पाच टप्पे, म्हणजे एम्पथाइज, डिफाइन, आयडिएट, प्रोटोटाइप आणि टेस्ट, आम्ही या कल्पनेला लावून पाहिले. या पाचांत नवख्यांनी सर्वांत जास्त वेळ पहिल्या दोनांना द्यावा असं माझं ठाम मत आहे, म्हणून मीही त्यांच्यावरच जास्त लिहितो.

एम्पथाइजमध्ये लोकांशी बोलायचं असतं, हे सगळ्यांना माहीत असतं. काय विचारायचं, हे मात्र शिकावं लागतं. ‘जुनी पुस्तकं विकायला अ‍ॅप असेल तर वापराल का?’ असं विचारलं की समोरचा भिडेखातर हो म्हणतो, आणि त्या होकारातून काहीच कळत नाही. त्याऐवजी घडून गेलेल्या गोष्टी विचारायच्या: शेवटचं पुस्तक कधी घेतलं, कुठून घेतलं, आधी काय पाहिलं, अभ्यास झाल्यावर ते कुठे ठेवलं. शक्य असेल तर खोलीवर जाऊन कपाट दाखवायला सांगायचं. आमच्या गटातल्या मृणालची आत्येबहीण तिथेच खोली घेऊन राहते, त्यामुळे सुरुवात तिच्या मैत्रिणींपासून झाली. आम्ही सगळे घरी मराठी बोलणारे, पण मुलाखती हिंदीत झाल्या, आणि उत्तरंही आम्ही हिंदीतच, शब्दाला शब्द लिहून घेतली. मराठीत सारांश केला असता तर पुढची गोष्ट हातून निसटली असती.

ती गोष्ट म्हणजे ‘रिज़ल्ट के बाद देखेंगे’ हे वाक्य. पुस्तकं का विकली नाहीत, या प्रश्नावर वेगवेगळ्या खोल्यांतून हेच उत्तर आलं. प्रिलिम्स देऊन झालेली असते, पण निकाल लागेपर्यंत आपण मेन्सला बसणार की पुन्हा प्रिलिम्सला, हे कुणालाच माहीत नसतं. म्हणून प्रिलिम्सपुरती लागणारी पुस्तकं, विशेषतः दुसऱ्या पेपरची गणित-बुद्धिमत्तेची, उघडलीही जात नाहीत आणि विकलीही जात नाहीत.

विकत घेणाऱ्यांची अडचण निराळी होती. ती आम्हाला खजूरी बाजारातल्या पुस्तकांच्या दुकानांत उभं राहून कळली. गिऱ्हाईक जुनं मध्य प्रदेश सामान्य ज्ञानाचं पुस्तक उचलतं आणि किमतीच्या आधी जिल्ह्यांचं पान उघडतं. 2023 मध्ये मऊगंज, पांढुर्णा आणि मैहर हे नवे जिल्हे झाले आणि राज्यातले जिल्हे 52 वरून 55 झाले. पानावर 52 दिसले की पुस्तक खाली ठेवलं जातं. म्हणजे स्वस्त असूनही जुनं पुस्तक नको असण्याचं कारण आवृत्तीची भीती हे होतं. गणिताच्या पुस्तकाबाबत ही भीती जवळपास नव्हती.

डिफाइनमध्ये हे सगळं एका वाक्यात आणायचं: कोण, त्याची गरज काय, आणि ती तशी का आहे. आमच्या गटातून आलेलं पहिलं वाक्य होतं, ‘विद्यार्थ्यांना जुनी पुस्तकं विकण्यासाठी सोपं अ‍ॅप हवं आहे.’ या वाक्यात उपाय आधीच बसलेला आहे, त्यामुळे पुढे विचार करायला जागाच उरत नाही. खूप खोडाखोड करून शेवटी हे लिहिलं: ‘प्रिलिम्स देऊन निकालाची वाट पाहणाऱ्या, खोली घेऊन राहणाऱ्या उमेदवाराला पुस्तकांत अडकलेले पैसे थोडेतरी मोकळे करायचे आहेत, पण पुन्हा परीक्षा द्यावी लागली तर तीच पुस्तकं परत हवी आहेत.’ वाक्य बरं जमलंय का, हे तपासायला दोन कसोट्या उपयोगी पडतात. त्यातून किमान तीन-चार वेगळे उपाय सुचले पाहिजेत, आणि ते खोटं ठरू शकेल असं असलं पाहिजे. ‘विद्यार्थ्यांना चांगली सोय हवी असते’ हे वाक्य कधीच खोटं ठरणार नाही, म्हणून ते कामाचं नाही.

आयडिएटबद्दल थोडक्यात सांगतो. आधी प्रत्येकाने गप्प बसून कागदावर कल्पना लिहायच्या आणि मगच बोलायचं, नाहीतर जो जोरात बोलतो त्याचीच कल्पना उरते. आमचा प्रश्न होता: मालकी न सोडता पुस्तक काही महिने दुसऱ्याकडे कसं राहू शकेल? अदलाबदल आली, भाडं आलं, एकत्र खरेदी आली. त्यातून भाड्याचा उपाय निवडला, कारण तो पैसे न घालता लगेच करून पाहता येत होता. भंवरकुआंत महिन्याचे पैसे भरून अभ्यासाला बसायच्या ज्या ‘लायब्ररी’ आहेत, त्यांपैकी एकीत एक रॅक मागून घ्यायचा, एवढंच भांडवल.

प्रोटोटाइप, म्हणजे कल्पनेचा कच्चा नमुना, करताना आधी विचारावं की कोणती गोष्ट खरी नसेल तर सगळंच कोसळेल. आमच्या बाबतीत ती ही होती: मालक आपलं पुस्तक अनोळखी माणसाच्या हाती देईल का? हे तपासायला अ‍ॅप लागत नाही. कापडी पिशवी, पावतीपुस्तक आणि पुस्तकात चिकटवायचं एक कार्ड पुरतं. कार्डावर आवृत्तीचं वर्ष आणि, सामान्य ज्ञानाचं पुस्तक असेल तर, ‘जिल्हे 55’ अशी नोंद. भाडं महिन्याला 30 रुपये, त्यातले 20 मालकाला. अनामत 200 रुपये, पुस्तक परत आल्यावर परत. हिशेब वहीत, निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर.

टेस्टमध्ये मत विचारू नये, कृती पाहावी. ‘छान आहे’ म्हणणारा माणूस आणि उठून कपाटातून पुस्तक काढून पिशवीत घालणारा माणूस यांत फार अंतर असतं, आणि मोजायचं ते दुसऱ्यालाच. तिथे दोन गोष्टी दिसल्या. स्वतःच्या खुणा आणि टिपणं असलेलं पुस्तक मालक देत नव्हते. कोरं करकरीत असलेलं सहज देत होते. आणि सराव प्रश्नसंचांत पेन्सिलीने उत्तरांवर खुणा केलेल्या असल्या, तर घेणारा ते दोन पानं चाळून परत ठेवत होता. त्यामुळे प्रश्नसंच रॅकवरून काढले आणि खोडरबराने साफ करता येतील तेवढेच ठेवले.

तिसरी गोष्ट कागदावर हिशेब मांडताना दिसली, आणि ती सर्वांत अवघड आहे. प्रिलिम्सचा निकाल सगळ्यांचा एकाच दिवशी लागतो. पास होणारे थोडे आणि नापास होणारे पुष्कळ, म्हणजे त्या आठवड्यात बहुतेक मालक पुस्तकं परत मागणार, आणि ज्यांच्याकडे ती आहेत त्यांचाही अभ्यास अर्ध्यावर असणार. रॅक तेव्हाच रिकामा होणार, जेव्हा मागणी सर्वांत जास्त असेल. म्हणून आम्ही पुन्हा डिफाइनच्या वाक्याकडे गेलो आणि ‘तीच पुस्तकं’ या शब्दांवर बोट ठेवलं. टिपणं नसलेल्या गणिताच्या पुस्तकाची तीच प्रत खरंच लागते, की त्याच आवृत्तीची कुठलीही चालते? दुसरं उत्तर खरं असेल तर परतीच्या वेळी एखादी दुसरी प्रत देऊन भागेल, आणि खजूरी बाजारातून घेऊन ठेवलेल्या थोड्या प्रतींवर निकालाचा आठवडा निभावेल. पुढच्या फेरीत पावतीवर दोन रकाने आहेत, ‘हीच प्रत’ आणि ‘हीच आवृत्ती’, आणि दुसऱ्यावर खूण करणाऱ्या मालकाला महिन्याला 5 रुपये जास्त मिळतात.