लॉटरीचं ‘व्हील’ लावताना या चुका टाळा

समजा, शिवाजी पेठेतल्या तालमीच्या कट्ट्यावर चौघांनी वर्गणी काढून ६/४९ प्रकारच्या, म्हणजे ४९ मधून सहा आकडे निघणाऱ्या लॉटरीसाठी आठ आकडे निवडले: ४, ११, १७, २३, २८, ३४, ३९, ४५. त्यांच्या जोड्या पाडायच्या: ४-११, १७-२३, २८-३४, ३९-४५. प्रत्येक तिकिटावर एक जोडी गाळून उरलेले सहा आकडे लिहायचे. निवडलेले आकडे असे ठरावीक पद्धतीने अनेक तिकिटांवर वाटणं म्हणजे ‘व्हील’; इथे ते चार तिकिटांत तयार.

एखाद्या तिकिटावर तीन आकडे जुळण्याची या व्हीलची हमी खरी आहे. निघालेल्या आकड्यांपैकी तीन तुमच्या आठांत असले, तर ते तीन जास्तीत जास्त तीन जोड्यांना लागतात. चौथी जोडी कोरी राहते आणि ती गाळलेल्या तिकिटावर तिन्ही आकडे सापडतातच.

पहिली चूक म्हणजे हमीतला ‘असले तर’ विसरणं. आठांपैकी किमान तीन आकडे निघण्याची शक्यता जेमतेम ४.७ टक्के, म्हणजे साधारण २१ सोडतींत एकदा. बाकी वेळा हमी लागूच होत नाही. उलट, एकही आकडा पुन्हा न येणारी चार तिकिटं घेतली, तर कुठल्यातरी तिकिटावर तीन जुळण्याची शक्यता ७.४ टक्के होते. मग व्हील कमी पडतं का? तसंही नाही. व्हील लागलं की कधी कधी दोन-दोन तिकिटं एकदम लागतात, त्यामुळे लागणाऱ्या तिकिटांची सरासरी दोन्हीकडे सारखीच.

दुसरी चूक जास्त महागात पडते: ‘आठ आकडे धरले म्हणजे जॅकपॉट जवळ आला.’ ४९ मधून सहा आकड्यांच्या १,३९,८३,८१६ जुळण्या होतात. वेगवेगळी चार तिकिटं, व्हीलची असोत वा डोळे मिटून भरलेली, त्यातल्या चारच जुळण्या धरतात. निघालेले सहाच्या सहा आकडे तुमच्या आठांत असले, तरी आठांतून सहाच्या २८ जुळण्या होतात आणि तुमच्याकडे त्यातल्या चार. म्हणजे सातांत सहा वेळा जॅकपॉट हुकणार. हातात दोन तिकिटांवर पाच-पाच आणि दोनांवर चार-चार आकडे. २८ तिकिटांचं पूर्ण व्हील घेतलं तर शक्यता सातपट होते, पण खर्चही सातपट.

महाराष्ट्र राज्य लॉटरीच्या कागदी तिकिटावर क्रमांक आधीच छापलेला असतो, तिथे व्हीलचा प्रश्नच नाही.

शेवटची चूक कट्ट्यावरच होते. ‘पैसे कमी पडतात, एक तिकीट सोडूया की!’ ३९-४५ गाळलेलं तिकीट सोडलं आणि ४, १७, २८ निघाले, तर हे तिन्ही एकत्र असलेलं तिकीट हातात नसतं. आठांतून तीनच्या ५६ जुळण्यांपैकी अशा आठ उघड्या पडतात, आणि मग ती हमी राहत नाही.