महाप्रसादाच्या स्वयंपाकाला माणसं बोलावणारा मेसेज कसा लिहावा

सोसायटीच्या गणपतीचा महाप्रसाद, दोनशे पानं, पुरी-भाजी, मसालेभात, शिरा. भात, भाजी आणि शिरा आचारी करतो. बाकी सगळं घरच्या माणसांच्या हातांवर. ती माणसं गोळा करणारा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज बरीच वर्षं माझ्याच गळ्यात आहे. "प्रेमाने लिहा, लोक येतात" हा सल्ला देणाऱ्यांनी रात्री अकराला करपलेलं पातेलं घासून पाहावं.

तारीख ठरवताना गौरीजेवणाचा दिवस टाळा. त्या दिवशी प्रत्येकीच्या घरी स्वतःचाच सोळा भाज्यांचा घाट असतो. मेसेज आठ दिवस आधी टाका आणि ग्रुपवर पिन करा. गणपतीचे फोटो, श्लोक आणि हात जोडलेल्या चिन्हांची रांग वर नको. लांब मेसेजचा खालचा भाग Read more च्या मागे जातो आणि तिथवर कोणी पोचत नाही. तारीख, जागा आणि "किती माणसं हवीत" हे पहिल्या तीन ओळींत आलं पाहिजे.

आता पाळ्या. माझी फजिती इथेच झाली होती. पहिल्या वर्षी मी लिहिलं, "शनिवारी स्वयंपाकाला मदत हवी आहे, कोण कोण येणार?" तेवीस अंगठे आले. मी खूश. प्रत्यक्षात दुपारी भाजी चिरायला चौदा जण हजर, सुऱ्या पाच. नऊ जण गप्पा मारत बसले आणि चहा आम्हीच करून दिला. रात्री पंगत उठली तेव्हा भांड्यांपाशी आम्ही तिघं. अंगठ्याचा अर्थ "वाचलं" एवढाच असतो, हे मला त्या रात्री कळलं.

तेव्हापासून मी पाळ्या शेवटाकडून लिहिते. आधी आवराआवर, मग वाढप, मग लाटणं-तळणं, सगळ्यात खाली चिराचिरी. लोक वाचता वाचता पहिली परवडणारी पाळी पकडतात. भाजी वर ठेवली की ती भरते आणि भांडी रिकामी राहतात. वेळा मात्र स्वतःच्या मनाने ठरवू नका, आधी आचाऱ्याला विचारा. त्याला चिरलेली भाजी साडेचारला हवी असेल तर तुमची "चार ते सहा" ही पाळी कागदावरच राहते.

प्रत्येक पाळीला काम, वेळ आणि आकडा हवा. दोन तासांहून मोठी पाळी कोणी घेत नाही, आणि घेतली तरी तिसऱ्या तासाला माणूस "जरा घरी जाऊन येतो" म्हणून जातो तो जातोच. आकडाही हिशेबाने काढा. माणशी चार धरल्या तर आठशे पुऱ्या होतात. सहा जणींनी मिनिटाला एकेक लाटली तरी सव्वादोन तास लागतात, म्हणून माझ्याकडे लाटायला सात आणि तळायला दोन असतात.

नावं गोळा करण्याची एक पद्धत फार लोकप्रिय आहे आणि ती वाईट आहे: यादी कॉपी करायची, खाली आपलं नाव जोडायचं, परत टाकायची. दोघांनी एकाच वेळी कॉपी केली की एकाचं नाव उडतं, आणि ज्याचं उडतं तो नेमका रुसणारा असतो. पोलही नको. सहा जागांवर अकरा मतं पडतात आणि पोल कोणाला थांबवत नाही. लोकांनी फक्त पाळीचा क्रमांक लिहायचा, यादी एकाच माणसाने ठेवायची आणि रोज रात्री एकदाच टाकायची. पाळी भरली की समोर "भरली" लिहायचं. "भरली" दिसायला लागली की काठावर बसलेले पटापट उड्या मारतात.

दुसरी अवघड जागा स्वच्छतेची. इथे "सोवळं", "पावित्र्य" हे शब्द मी लिहित नाही. एका वर्षी मी "शुचिर्भूत होऊन यावे" असं लिहिलं, तर दोघी-तिघी पाळी आली म्हणून घरीच बसल्या आणि ज्याचं पोट दोन दिवस बिघडलेलं होतं तो गृहस्थ आंघोळ करून, गंध लावून कणीक मळायला हजर! मासिक पाळीने अन्न बिघडत नाही, जुलाब झालेल्या हातांनी बिघडतं. म्हणून काय चालणार नाही ते सरळ लिहा: जुलाब-उलटी थांबून ४८ तास झाले नसतील, किंवा हाताला पिकलेली जखम असेल, तर अन्नाला हात नाही. अशा जखमेतले जंतू अन्नात विष तयार करतात आणि ते अन्न पुन्हा उकळलं तरी जात नाही. पण त्या माणसाला दुसरं काम द्या, म्हणजे तो लपवत नाही. कुपनं घेणं, खुर्च्या मांडणं, चपलांची व्यवस्था, कामं कमी नाहीत.

माझा गेल्या वेळचा मेसेज असा होता:

"शनिवारी महाप्रसाद, क्लबहाउस, पंगत रात्री ८ वाजता. एकूण २९ जण हवेत.
पाळी १: ९.३० ते ११, भांडी, फरशी, कचरा, उरलेलं वाटणं (६ जण)
पाळी २: ८ ते १०, वाढप (८ जण)
पाळी ३: ५ ते ७, पुऱ्या, लाटायला ७, तळायला २
पाळी ४: २.३० ते ४.३०, भाजी निवडणं-चिरणं (६ जण)
फक्त पाळीचा क्रमांक लिहा, यादी मी ठेवते. बुधवारी रात्री यादी बंद.
नखं कापलेली, केस बांधलेले, अंगठ्या-बांगड्या घरी. आल्यावर आणि मोबाइलला हात लावल्यावर दर वेळी साबणाने २० सेकंद हात धुणे. तळणाऱ्यांनी सुती कपडे घालावेत, ओढणी-पदर खोचलेला असावा. टोप्या, आप्रन, साबण आम्ही देऊ.
गेल्या दोन दिवसांत पोट बिघडलं असेल किंवा हाताला जखम असेल तर मला वैयक्तिक कळवा, बाहेरचं काम देते. कारण कोणाला सांगणार नाही.
ज्यांचं यायचं रद्द होईल त्यांनी बदली माणूस द्यावा."

पाळी १ मधलं "उरलेलं वाटणं" मुद्दाम आहे. मोठ्या पातेल्यातला भात रात्रभर कोमट राहतो. शिजवूनही टिकलेले जंतू त्यात वाढतात, आणि सकाळी गरम केल्याने त्यांचं विष जात नाही. त्यामुळे रात्रीच डबे भरून द्यायचे आणि लगेच फ्रिजमध्ये ठेवायला सांगायचं.

आदल्या रात्री प्रत्येक पाळीतल्या एकाला फोन करा. बस.

आभाराचा मेसेज दुसऱ्या दिवशी सकाळी जायला हवा. आठवड्याने गेलेला आभार हिशेबाच्या पत्रकासारखा वाटतो. यादीवरून नावं उतरवू नका, खरोखर कोण आलं ते बघून लिहा. एकदा मी यादीच चिकटवली, तर न आलेल्याचे आभार मानले गेले आणि आयत्या वेळी बदलीला आलेली शेजारीण राहून गेली. ती पुढची दोन वर्षं आली नाही. नावं पाळी १ पासूनच लिहा, भांडीवाले पहिले. आचाऱ्याचं आणि त्याच्या मदतनिसाचं नाव पैसे दिले म्हणून गाळू नका. आणि शेवटच्या ओळीत: "एक मोठा झारा आणि निळ्या झाकणाचा डबा आमच्याकडे राहिलाय, ज्यांचा असेल त्यांनी घेऊन जावा."