ईजीएम झाली, आता MGT-14 आधी का INC-22?

सीएसच्या ऑफिसात ट्रेनिंगला नवीन लागलेल्यांसाठी लिहितोय. लातूरकडं बऱ्याच छोट्या प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांचं रजिस्टर्ड ऑफिस शहरात असतं आन काम वाढलं की ते बाहेर हलवतात, म्हणून तेच उदाहरण घेऊ. समजा सोयाबीनवाल्या एका कंपनीनं 10 जूनला ईजीएम घेऊन लातूरचं ऑफिस 1 जुलैपासून औशाला न्यायचा स्पेशल रिझोल्यूशन पास केला.

शहराच्या हद्दीतल्या हद्दीत हललं असतं तर बोर्डाचा ठराव पुरला असता, पण हद्द ओलांडली की स्पेशल रिझोल्यूशन लागतो आणि त्याच्यामागं तो ठराव रजिस्ट्रारकडं दाखल करायचा फॉर्म MGT-14 आलाच. इथंच नवीन पोरं फसतात, कारण प्रायव्हेट कंपनीला MGT-14 माफ आहे असं कुठंतरी ऐकलेलं असतं. ती माफी कंपनी कायद्याच्या कलम 179(3) मधल्या बोर्ड ठरावांपुरती आहे, मेंबर्सच्या स्पेशल रिझोल्यूशनला ती लागू नाही. मुदत ठराव पास झाल्यापासून 30 दिवस, म्हणजे 10 जुलै. सोबत ठरावाची सर्टिफाईड कॉपी, नोटीस आणि एक्सप्लनेटरी स्टेटमेंट जोडायचं. ऑथराईज्ड कॅपिटल 10 लाख असेल तर फी 400 रुपये, पण मुदत हुकली की पहिल्या 30 दिवसांतच वर दुप्पट ॲडिशनल फी, म्हणजे आणखी 800, आणि पुढं ती पटीनं चढतच जाते.

नवा पत्ता रजिस्ट्रारला कळवायचा फॉर्म म्हणजे INC-22, त्याची मुदत मात्र ऑफिस हलल्याच्या तारखेपासून 30 दिवस, म्हणजे 31 जुलै. मुदत लांबची असली तरी MGT-14 उरकल्याशिवाय याला हात लावू नका, कारण याच्यात MGT-14 भरल्यावर मिळणारा नंबर, म्हणजे एसआरएन, टाकावा लागतो. जागेचा भाडेकरार, मालकाची एनओसी आणि दोन महिन्यांपेक्षा जुनं नसलेलं लाईट बिल लागतं. फोटोपण लागतात, एक इमारतीचा बाहेरून, एक आतल्या ऑफिसचा, आणि आतल्या फोटोत फॉर्मवर डिजिटल सही करणारा डायरेक्टर दिसला पाहिजे. ते फोटो काढायच्या आधी बाहेर पाटी लावून घ्या, नाव-पत्ता मराठीतपण पाहिजे, कायद्यात स्थानिक भाषा लिहिलेली आहे.

मिनिट्स 30 दिवसांत मिनिट बुकात चढवून सही करून घ्यायची, ते 10 जुलैच्या आतच बसवा. जीएसटीत पत्ता बदलायला तर 15 च दिवस मिळतात. बँक, लेटरहेड, बिलबुक हे सगळं 1 जुलैला तयार पाहिजे.

मेंबर्सना वेगळं पत्र पाठवायची सक्ती नाही, तरी मी प्रत्येक क्लायंटला पाठवायलाच लावतो. कारण पुढच्या मीटिंगला कुणाला प्रॉक्सी द्यायचा असेल तर तो फॉर्म मीटिंगच्या 48 तास आधी रजिस्टर्ड ऑफिसला पोचावा लागतो, आणि गावाकडचा मेंबर तो जुन्या पत्त्यावर पाठवून मोकळा होतो. पत्र दोन ओळींचं चालेल, फक्त नवा पत्ता आणि 1 जुलै ही तारीख ठळक लिहा.