केळीचे पैसे टॅक्स फ्री, पण पगारावरचा टॅक्स वाढतो

आपल्या रावेर-यावलकडे नोकरी करून केळी लावणारे बरेच जण म्हणतात शेतीला टॅक्स नाही मग दाखवायचं कशाला. शेतीवर टॅक्स नाही हे खरंच, पण निव्वळ शेती उत्पन्न 5,000 च्या वर आणि बाकीचं उत्पन्न बेसिक लिमिटच्या वर असेल तर तुमचा स्लॅब वर सरकतो.

2025-26 चा नवीन रिजिम धरा. स्टँडर्ड डिडक्शन जाऊन पगार 14 लाख, आणि केळीचे रोपं, खत, ड्रिप, मजुरी वजा जाऊन उरले 4 लाख. आधी 18 लाखांवर टॅक्स काढायचा, 1,60,000. मग शेतीचे 4 लाख अधिक बेसिक लिमिटचे 4 लाख, या 8 लाखांवरचा 20,000 त्यातून वजा. भरायचे 1,40,000. नुसत्या पगारावर 90,000 च होते, म्हणजे 50,000 वाढले, वर 4% सेस वेगळा.

ऑफिसवाले टीडीएस कापताना सहसा फक्त पगार बघतात, म्हणून हा फरक एकदम रिटर्न भरताना समोर येतो आणि व्याजही लागतं, तेव्हा माल कटला की लगेच हिशोब करून अ‍ॅडव्हान्स टॅक्स भरून टाका. आणि फॉर्म ITR-1 चालत नाही, ITR-2 घ्या.