हप्ता तोंडावर असताना भरलेला चेक: परत आला तर काय तयार हवं

मालाचा, भाड्याचा किंवा उसन्या पैशांचा चेक हातात आला आणि त्याच आठवड्यात तुमचा कर्जाचा हप्ता जाणार असेल, तर बँकेत जाण्याआधी कॅलेंडर काढा. चेक क्लिअरिंगला सुट्टी असते, हप्त्याला नसते. खात्यातून हप्ते वळते करणारी नॅच यंत्रणा १ ऑगस्ट २०२१ पासून वर्षाचे सगळे दिवस चालते, रविवारीसुद्धा. चेकचं क्लिअरिंग मात्र दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी, रविवारी आणि बँकेच्या सुट्टीला बंद. लोकांची ओढाताण होते ती बहुतेक वेळा या फरकामुळे. म्हणून चेक भरायच्या तारखेच्या आजूबाजूच्या सुट्ट्या आणि आपल्या खात्यातून जाणारे हप्ते, दोन्ही एकाच कागदावर लिहून ठेवा.

मग चेक नीट बघा. तारीख पुढची नाही ना, आणि तीन महिन्यांपेक्षा जुनी नाही ना? १ एप्रिल २०१२ पासून चेकची मुदत सहाऐवजी तीन महिन्यांची झाली, तरी जुन्या सवयीने चेक कपाटात ठेवणारे अजून भेटतात. अक्षरी आणि अंकी रक्कम जुळते का, नावात किंवा रकमेत खाडाखोड आहे का, तेही पाहा. हल्ली कागद नव्हे, चेकची प्रतिमा समोरच्या बँकेकडे जाते. त्यामुळे नावात किंवा रकमेत केलेली दुरुस्ती खाली सही केली तरी चालत नाही. असा चेक भरूच नका, नवा मागा. रक्कम मोठी असेल तर चेक देणाऱ्याला एक प्रश्न आवर्जून विचारा: ‘तुमच्या बँकेत पॉझिटिव्ह पे केलंय ना?’ जानेवारी २०२१ पासून पन्नास हजार आणि त्यावरच्या चेकसाठी ही सोय आहे. चेक देणारा तारीख, नाव, रक्कम आपल्या बँकेला आधीच कळवतो. पाच लाखांपासून पुढच्या चेकला बँका ती सक्तीची करू शकतात. तपशील कळवलेला नसला तर खात्यात पैसे असूनही चेक परत येऊ शकतो. चेक भरण्याआधी त्याच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा.

भरताना शक्यतो काउंटरवर जा. ड्रॉप बॉक्स सोयीचा असतो, पण त्यात टाकलेल्या चेकची पोच मिळत नाही. काउंटरवर चेक दिला की भरणा स्लिपवर शिक्का मारून पोच देणं बँकेला बंधनकारक आहे. ‘बॉक्समध्येच टाका’ असं कुणी म्हणालं तर शांतपणे पोच मागा. ती चिठ्ठी जपून ठेवा, कारण चेक कधी दिला याचा वाद झाला तर तोच तुमचा पुरावा. आणि ‘आजच्या क्लिअरिंगला जाईल का?’ हे तिथेच विचारा. प्रत्येक शाखेची चेक घेण्याची वेळ वेगळी असते, त्या वेळेनंतर दिलेला चेक दुसऱ्या दिवसाच्या खात्यात धरला जातो.

आता पैसे कधी दिसतील ते बघू. पूर्वी दिवसभराचे चेक गठ्ठ्याने जायचे आणि पैसे साधारण दुसऱ्या दिवशी जमा व्हायचे. ४ ऑक्टोबर २०२५ पासून पद्धत बदलली. तुमच्या बँकेने चेक स्कॅन केला की त्याची प्रतिमा लगेच समोरच्या बँकेकडे जाते, आणि त्या बँकेला त्याच दिवशी संध्याकाळी सातपर्यंत हो किंवा नाही सांगावं लागतं. सातपर्यंत उत्तर आलं नाही तर चेक मान्य झाला असं धरलं जातं. बँकांमधला हिशेब पुरा झाला की तासाभरात तुमच्या खात्यात पैसे मोकळे करायचे, नेहमीची पडताळणी सांभाळून, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. म्हणजे सकाळी वेळेत दिलेला चेक त्याच संध्याकाळी वटायला हवा. ‘पडताळणी सांभाळून’ हे शब्द मात्र लक्षात ठेवा. खातं नवं असेल किंवा रक्कम तुमच्या नेहमीच्या व्यवहारापेक्षा फारच मोठी असेल, तर बँक फोन करून चौकशी करते आणि तोवर रक्कम थांबवू शकते. चेकमागचं बिल किंवा करारपत्र हाताशी असलं तर हे लवकर निपटतं.

अॅपमध्ये रक्कम दिसली म्हणून ती वापरता येईलच असं नाही. एकूण शिल्लक आणि वापरता येण्याजोगी शिल्लक हे दोन आकडे असतात, आणि हप्ता दुसऱ्या आकड्यातून जातो. काही बँका ओळखीच्या ग्राहकाला न वटलेल्या चेकवर पैसे उचलू देतात. तो चेक परत आला तर रक्कम उलटी फिरते, शिवाय उचललेल्या पैशांवर व्याज लागतं.

एक हिशेब मांडून बघू, आकडे उदाहरणापुरते आहेत. एका छोट्या दुकानदाराला ७२,००० चा चेक मिळाला. १२ तारखेला रविवारी त्याचा १८,४०० चा हप्ता जायचा आहे आणि खात्यात आहेत ६,२००. त्याने शुक्रवारी, १० तारखेला, दुपारी साडेचारला ड्रॉप बॉक्समध्ये चेक टाकला. शाखेची वेळ टळलेली होती. शनिवार, ११ तारीख, दुसरा शनिवार. म्हणजे चेक निघणार सोमवारी १३ ला. रविवारी हप्ता आला, शिल्लक पुरली नाही, हप्ता परत गेला. इथे त्याच्या बँकेने नॅच परतीचे २५० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण २९५ कापले, आणि कर्ज देणाऱ्या कंपनीने आपला ५०० चा दंड वेगळा लावला. सोमवारी संध्याकाळी ७२,००० चा चेकही ‘अपुरी शिल्लक’ म्हणून परत आला. त्यावर १५० अधिक जीएसटी, म्हणजे १७७. एका परत आलेल्या चेकपायी ९७२ रुपये गेले. नीट पाहिलं तर त्यातले ७९५ परतीमुळे नव्हे, तारखांमुळे गेले. चेक चांगला असता तरीही हप्ता चुकलाच असता. कंपनीने हप्ता पुन्हा पाठवला आणि तेव्हाही पैसे नसले तर बँकेचा आकार पुन्हा लागतो. म्हणून सुट्ट्यांच्या आधीच्या दिवशी हप्त्याएवढी रक्कम दुसरीकडून उभी करून ठेवणं, हे या यादीतलं सर्वांत महत्त्वाचं काम आहे.

बँकेने कापलेला आकार तपासायला विसरू नका. चेक परत आला की दोन आकार लागतात: चेक देणाऱ्याला त्याच्या बँकेचा, आणि चेक भरणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला, तुमच्या बँकेचा. दुसरा सहसा लहान असतो. आकारांचा तक्ता बँकेच्या वेबसाइटवर असतो, त्यात ‘भरलेला चेक न वटता परत’ अशा अर्थाची ओळ शोधा. मात्र प्रत्येक परतीला आकार लावता येत नाही. ग्राहकाची चूक असेल तरच आकार लावावा, असं रिझर्व्ह बँकेने २०१३ पासून सांगितलं आहे. चेक परत आला की बँक परतीचा मेमो म्हणून एक चिठ्ठी देते. तिच्यावर कारणाचा क्रमांक असतो, तो वाचा. ०१ म्हणजे अपुरी शिल्लक, १२ म्हणजे सही जुळत नाही, ५० म्हणजे खातं बंद. पण ३९, म्हणजे प्रतिमा स्पष्ट नाही, किंवा ८४, म्हणजे बँकांची संगणक जोडणी बिघडली, ही ग्राहकाची चूक नाही. ७२ हा क्रमांक आपल्याकडे लक्षात ठेवण्याजोगा आहे. छोट्या सहकारी बँका मोठ्या बँकेच्या आधाराने क्लिअरिंग करतात, आणि त्या मोठ्या बँकेकडे छोट्या बँकेचे पैसे कमी पडले की चेक या कारणाने परत येतो. चेक देणाऱ्याच्या खात्यात पैसे असूनही. अशा चुकीशिवायच्या परतीत चेक २४ तासांच्या आत, सुट्ट्या वगळून, बँकेने स्वतः पुन्हा पाठवायचा असतो आणि तुम्हाला एसएमएस किंवा ईमेलने कळवायचं असतं. आकार कापला गेला असेल तर मेमोची प्रत जोडून शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते.

पैशांअभावी चेक परत आला तर शाखेतून दोन कागद घ्या: मूळ चेक आणि परतीचा मेमो. चेक तुमच्याच बँकेत असतो, कारण पुढे गेली होती ती नुसती प्रतिमा. मेमोवर कारण, तारीख आणि बँकेची सही-शिक्का आहे ना, हे काउंटरवर उभं राहूनच बघा. पुढे कोर्टात जायची वेळ आली तर बँकेचा हा कागद चेक न वटल्याचा पुरावा धरला जातो.

मग चेक देणाऱ्याला फोन करा. त्याने ‘चार दिवसांनी पुन्हा टाका’ म्हटलं तर तारखेपासून तीन महिन्यांच्या मुदतीत पुन्हा टाकता येतो, मात्र पुन्हा परत आला तर तुमचा आकारही पुन्हा लागणार. तेव्हा ‘एनईएफटीच करा’ असा आग्रह धरलेला बरा. बोलणी चालू असताना दुसऱ्या बाजूने दिवस मोजत राहा. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ प्रमाणे चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी मागणीची नोटीस जायला हवी. वरच्या उदाहरणात तो सोमवार १३ जुलैचा असेल तर १२ ऑगस्टपर्यंत. नोटीस मिळाल्यापासून समोरच्याला पैसे द्यायला १५ दिवस असतात, आणि ते संपल्यावर एका महिन्यात तुम्ही फिर्याद दाखल करायची. ती तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात चालते, २०१५ च्या दुरुस्तीने हे स्पष्ट केलं आहे. ‘देतो, देतो’ ऐकत तीस दिवस निघून जातात आणि त्या परतीवरची फिर्याद हातची जाते, हे व्यापारी लोकांच्या बाबतीत मी फार पाहिलं आहे. त्यामुळे विसावा दिवस वहीत लाल शाईने लिहून ठेवा. त्या दिवशी पैसे आलेले नसतील तर वकिलाकडे जा. सोबत चेक, मेमो, भरणा स्लिप, बिलं आणि झालेले मेसेज घ्या. नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोस्टाची पावती फाइलला लावा.

पैसे खात्यात प्रत्यक्ष जमा होईपर्यंत मूळ चेक समोरच्याला परत देऊ नका. ‘नवा देतो, जुना द्या’ असं तो म्हणेल, तेव्हा नवा चेक वटल्यानंतरच जुना द्या, आणि देताना त्याच्याकडून लेखी पोच घ्या.