फ्लोटमध्ये मजूर बसवताना या चुका टाळा

रोजच्या मजुरांचा आलेख सपाट करायचा, पण कामाची शेवटची तारीख हलू द्यायची नाही. लेव्हलिंगचं गणित एवढंच. (काही पुस्तकं याला स्मूदिंग म्हणतात आणि लेव्हलिंग हा शब्द तारीख वाढवायची मुभा असेल तेव्हासाठी राखून ठेवतात. परीक्षेत विचारलं तर फरक सांगा, साइटवर त्यावरून वाद घालू नका.) सहा कामांच्या नेटवर्कातसुद्धा लोक त्याच त्याच ठिकाणी चुकतात, म्हणून एक छोटं उदाहरणच घेऊ.

आवारात रखवालदाराची खोली आणि जमिनीखालची पाण्याची टाकी बांधायची आहे. आखणी आणि पायाची खोदाई २ दिवस, रोज ६ माणसं. ती झाल्यावर तीन कामं सुटतात: खोलीचं जोतं (४ दिवस, ५ माणसं), टाकीचा खड्डा (३ दिवस, ४ माणसं) आणि सांडपाण्याचा चर (२ दिवस, ३ माणसं). जोत्यानंतर खोलीचं वीटकाम (४ दिवस, ४ माणसं), खड्ड्यानंतर टाकीचं बांधकाम (३ दिवस, ३ माणसं). खोदाई, जोतं, वीटकाम ही सगळ्यात लांब, म्हणजे क्रिटिकल वाट १० दिवसांची. शेवटची तारीख न हलवता काम जितके दिवस पुढे सरकू शकतं तो त्याचा फ्लोट: चराला ६ दिवसांचा, खड्डा आणि टाकी या दोघांना २-२ दिवसांचा.

सगळं लवकरात लवकर सुरू केलं तर हजेरी अशी पडते:

| दिवस | १ | २ | ३ | ४ | ५ | ६ | ७ | ८ | ९ | १० |
|---|---|---|---|---|---|---|---|---|---|---|
| माणसं | ६ | ६ | १२ | १२ | ९ | ८ | ७ | ७ | ४ | ४ |

एकूण ७५ मनुष्यदिवस. काहीही हलवल्यावर ही बेरीज ७५ च आली पाहिजे. नाही आली तर पुढे जाऊ नका, एखादं काम हलवताना जुन्या जागेवरून पुसायचं राहिलंय.

एकच फ्लोट दोनदा खर्च करणे

ही चूक सगळ्यात जास्त दिसते, आणि करणाऱ्याला ती पटवून देणं सगळ्यात अवघड, कारण तक्ता त्याच्याच बाजूने बोलतो. तक्त्यात लिहिलेलं असतं: खड्डा, फ्लोट २, टाकी, फ्लोट २. वाचणारा समजतो, आपल्या खिशात चार दिवस आहेत. खरं तर दोनच आहेत, आणि ते दोघांत मिळून.

साइटवर हे कसं घडतं बघा. खड्डा खणणारा मुकादम म्हणतो, माणसं दोन दिवस उशिरा येतील. प्लॅन करणारा तक्ता पाहतो आणि हो म्हणतो. खड्डा ३ ते ५ ऐवजी ५ ते ७ या दिवसांवर गेला. मग टाकीचा गवंडी म्हणतो, मलाही दोन दिवस द्या. तक्त्यात त्याच्यापुढेही २ लिहिलेले आहेत, त्यामुळे पुन्हा हो. टाकी आता आठव्या दिवशी सुरू होऊ शकली असती, ती दहाव्याला सुरू होते आणि बाराव्याला संपते. दहा दिवसांचं काम बारा दिवसांवर गेलं. दोन्ही वेळचं उत्तर तक्त्यावर बोट ठेवून दिलेलं, त्यामुळे चूक कोणाची यावर आणखी अर्धा दिवस जातो.

उपाय सोपा आहे. एकूण फ्लोटच्या शेजारी मोकळ्या फ्लोटचा रकाना ठेवायचाच. खड्ड्याचा मोकळा फ्लोट ० आहे: तो एक दिवस जरी सरकला तरी टाकी सरकते. टाकीचा मोकळा फ्लोट २. म्हणून हलवायला सुरुवात साखळीच्या शेवटच्या कामापासून करावी. आधी टाकी पुढे ढकला, मगच खड्ड्याला जागा होते. आणि एक काम हलवलं की फ्लोट नव्याने काढा. सहा कामांना पाच मिनिटं लागतात. ज्यांना तेवढा धीर नाही त्यांचेच दोन दिवस जातात.

वर्गांच्या बेरजेच्या मागे धावणे

आलेख किती सपाट झाला हे मोजायला रोजच्या संख्येचा वर्ग करून बेरीज घेतात. बेरीज कमी तितका आलेख सपाट. वरच्या हजेरीची ती ६३५ येते.

आता फक्त चर नवव्या-दहाव्या दिवशी न्या. हजेरी होते ६, ६, ९, ९, ९, ८, ७, ७, ७, ७ आणि वर्गांची बेरीज ५७५. एकच काम हललं आणि शिखर १२ वरून ९ वर आलं. ९ च्या खाली ते जाणारच नाही, कारण खड्डा फ्लोटमध्ये कुठेही ठेवला तरी जोत्याच्या दिवसांवर पडतो, आणि ५ अधिक ४ नऊच होतात.

पण उत्साही माणूस इथे थांबत नाही. चर मूळच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशीच ठेवून तो खड्डा ५ ते ७ आणि टाकी ८ ते १० वर नेतो. हजेरी ६, ६, ८, ८, ९, ९, ८, ७, ७, ७, बेरीज ५७३. दोनने कमी! पण त्या दोन आकड्यांसाठी खड्डा आणि टाकी दोन्ही क्रिटिकल झाली. एक खाडा पडला की तारीख गेली.

शिवाय जोत्यात भराव लागतो. वरची काळी माती त्याला चालत नाही, मुरूम लागतो, आणि तो टाकीच्या खड्ड्यातून खालच्या थरात निघतो. हा भराव जोत्याच्या शेवटच्या, म्हणजे सहाव्या दिवशी पडतो. पाचव्या दिवशी सुरू झालेल्या खड्ड्यातून तोवर वरची मातीच निघालेली असणार, म्हणजे मुरूम विकत आणा. हा मुरूम वापरायचा असेल तर भराव जोत्यातून वेगळं काम म्हणून दाखवा आणि "खड्डा पूर्ण, मग भराव" हा बाण नेटवर्कात काढा. मग खड्ड्याचा फ्लोट शून्यावर येतो आणि ५७३ चा मार्ग आपोआप बंद होतो. ज्या फ्लोटवर मटेरियलचा बाण काढलेला नाही, तो फ्लोट नुसता कागदावरचा असतो.

बाकीच्या, थोडक्यात

गवंडी आणि बिगारी एकाच आकड्यात मिसळू नका. जोत्यावर २ गवंडी, वीटकामावर २, टाकीवर १ धरला, तर ५७५ च्या योजनेत सहा ते आठ या तीन दिवसांसाठी तिसरा गवंडी लागतो. एकूण आकड्यात तो दिसतच नाही, आणि तीन दिवसांसाठी गवंडी मिळवायचा तर बोलणी आधीच करावी लागतात.

चार माणसांचं तीन दिवसांचं काम दोन माणसांत सहा दिवस चालवणं म्हणजे लेव्हलिंग नव्हे. ते नवं काम झालं, नेटवर्क पुन्हा काढा.

एमएस प्रोजेक्टमध्ये `Level only within available slack` वर टिक नसेल तर तो खुशाल तारीख पुढे ढकलतो. टिक असूनही तो आलेख सपाट करत नाही, फक्त `Max. Units` च्या वर गेलेलं खाली आणायला बघतो. मर्यादा १२ माणसांची दिली तर तो एकही काम हलवणार नाही; ८ ची दिली तर फ्लोटमध्ये उत्तर नसल्याने जास्तीचा भार तसाच राहील. ९ हा आकडा आधी हाताने काढावा लागतो.

आठवडी बाजाराचा दिवस कॅलेंडरमध्ये सुट्टी म्हणून टाका. तो पाचव्या दिवशी आला आणि टाकलेला नसला, तर मुरूम एक दिवस उशिरा निघतो आणि भरावाची माणसं फावडी घेऊन बसून राहतात.